‘वेळ वाचला’ हे सांगताना

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकाच्या कार्यालयाचे छायाचित्र प्रसिद्ध करतात आणि त्याखाली तीन-चार ओळी लिहितात: अमुक व्यापाऱ्याचे काम आमच्या साधनामुळे इतक्या तासांनी कमी झाले. वाचणारा दुसरा व्यापारी असतो आणि त्या आकड्यावर विसंबून तो वर्षभराचे शुल्क भरतो. म्हणूनच हा आकडा कसा काढला आणि तो छापण्याची परवानगी कोणी दिली, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या ओळींत असावी लागतात.

उदाहरणादाखल, गोव्यातील हॉटेलांना किराणा पुरवणारा एक घाऊक व्यापारी घेऊ. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते. पुरवठादारांनी दाखवलेली बिले त्यात दिसतात. आपल्या खरेदी-वहीतील प्रत्येक बिल त्यात आहे की नाही, हे तपासून मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरावे लागते. जे बिल तेथे दिसत नाही, त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. ही जुळवणी हाताने करणे वेळखाऊ असते. एकच बिल वहीत ‘२४’ आणि पोर्टलवर ‘जीए/०२४’ असे असू शकते. जुळवणीचे सॉफ्टवेअर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम एकत्र पाहून अशा जोड्या लावते.

आता आकडे मांडू. समजा, डिसेंबरमध्ये या व्यापाऱ्याकडे ९०० खरेदी-बिले आली आणि हाताने जुळवणी करण्यास दोन कर्मचाऱ्यांचे मिळून ३३ तास लागले. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअर घेतले. जुलैमध्ये जुळवणी ९ तासांत झाली. ‘३३ तासांचे काम ९ तासांत’ ही ओळ खरी दिसते, तरी ती फसवी आहे. जुलै हा पावसाळ्याचा महिना. हॉटेलांची मागणी उतरलेली असते, म्हणून बिले ४५० च होती. जुन्याच पद्धतीने तेवढ्या बिलांना साडेसोळा तास लागले असते. म्हणजे २४ तासांच्या बचतीतील साडेसोळा तास हंगामाने वाचवले, सॉफ्टवेअरने साडेसात.

यावर उपाय साधा आहे. वेळ दर १०० बिलांमागे मोजावा. पूर्वी ३ तास ४० मिनिटे, आता २ तास. बचत सुमारे ४५ टक्के. पहिल्या ओळीने ती ७३ टक्के भासवली होती. याशिवाय पुरवठादारांच्या जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात गेलेला वेळ एकदा सांगावा लागतो, आणि ज्याने बिल दाखवलेच नाही अशा पुरवठादाराला फोन करण्याचे काम या वेळेत धरलेले नाही, हेही नोंदवावे लागते. तासांची नोंद विक्रेत्याच्या अंदाजाची नव्हे, तर ग्राहकाच्या कार्यालयातील असावी.

दुसरा प्रश्न संमतीचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ‘एएससीआय’च्या संहितेनुसार जाहिरातीतील दाव्याला आधार असावा लागतो आणि उत्पादनाला गैरवाजवी लाभ मिळवून देणारा एखाद्या व्यक्तीचा वा संस्थेचा उल्लेख तिच्या परवानगीशिवाय करायचा नाही. हिशेबनीसाने फोनवर ‘चालेल’ म्हणणे ही व्यवसायाची संमती नव्हे. मालकाने किंवा अधिकृत व्यक्तीने अंतिम मजकूर आणि छायाचित्र पाहून लेखी होकार द्यावा. नाव छापायचे की केवळ व्यवसायाचा प्रकार, मजकूर कोठे व किती काळ वापरायचा आणि पुढे तो काढून टाकण्यास कोणाला सांगायचे, हे त्यात स्पष्ट असावे.

मात्र ग्राहकाची संमती त्याच्या पुरवठादारांना बांधून घेत नाही. छायाचित्रात संगणकाचा पडदा दिसत असेल तर त्यावर पुरवठादारांची नावे, जीएसटी क्रमांक आणि खरेदीच्या रकमाही दिसतात. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला हाच तपशील हवा असतो. असा पडदा झाकावा किंवा काल्पनिक नोंदी भरून छायाचित्र घ्यावे, आणि त्या काल्पनिक असल्याचे सांगावे.

इतके पाळले की ओळी अशा उतरतात:

‘हॉटेलांना किराणा पुरवणारे घाऊक व्यापारी, गोवा. खरेदी-बिलांची जुळवणी दर १०० बिलांमागे डिसेंबरमध्ये ३ तास ४० मिनिटे (हाताने), जुलैमध्ये २ तास (सॉफ्टवेअरने). नोंद ग्राहकाच्या कार्यालयाची. सुरुवातीची नोंद-दुरुस्ती व पुरवठादारांचा पाठपुरावा यात धरलेला नाही. पडद्यावरील नोंदी काल्पनिक. ग्राहकाच्या लेखी संमतीने.’

यातील आकडा ७३ इतका मोठा नाही. पण वाचणारा व्यापारी स्वतःच्या बिलांची संख्या त्यात घालून आपले किती तास वाचतील, याचा हिशेब मांडू शकतो.