स्कॅनरवरचे पैसे खात्यात पोचले का?

रोखीच्या विक्रीचा हिशेब शटर ओढण्याआधीच संपतो. गल्ल्यातल्या नोटा मोजायच्या, सकाळची शिल्लक वजा करायची आणि उरलेली रक्कम बिलांच्या बेरजेशी ताडून पाहायची. स्कॅनर आणि स्वाइप मशीनवर झालेल्या विक्रीचा हिशेब मात्र त्या रात्री जेमतेम सुरू होतो. साउंडबॉक्सने रक्कम उच्चारली, मशीनमधून पावती निघाली, तरी पैसे पुष्कळदा वाटेतच असतात. ते कधी दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, कधी सुट्टी संपल्यावर, कधी कपात होऊन, तर कधी चाळीसपन्नास ग्राहकांचे मिळून एकाच आकड्यात. म्हणून पासबुकातली जमा आणि दुकानातल्या बिलांची बेरीज सहसा जुळत नाही. ‘मागेपुढे येतातच पैसे’ असं म्हणून बरेच दुकानदार इथेच नाद सोडतात. बहुतेक पैसे येतात हे खरं आहे. पण जे आलेच नाहीत, ते या मागेपुढेमध्ये दडून राहतात आणि महिन्यानंतर शोधायला गेलं तर सापडत नाहीत.

मेळ न बसण्याचं पहिलं कारण म्हणजे आपण दोनच कागद समोर ठेवतो, एका बाजूला बिलं आणि दुसऱ्या बाजूला बँक. मधला कागद राहून जातो. तो असतो स्कॅनर देणाऱ्या कंपनीचा किंवा मशीन देणाऱ्या बँकेचा सेटलमेंट रिपोर्ट. आज कोणते व्यवहार यशस्वी झाले, त्यांतून काय कापलं, किती रक्कम कोणत्या यूटीआर क्रमांकाने खात्यात पाठवली, हे त्यात लिहिलेलं असतं. तो व्यापाऱ्यांसाठीच्या ॲपमध्ये मिळतो किंवा रोज मेलवर येतो. रोजचा मेळ म्हणजे दोन वेगवेगळ्या तपासण्या: आधी बिलं आणि रिपोर्ट, मग रिपोर्ट आणि बँक. बिलांवरून थेट बँकेवर उडी मारली की गोंधळ होतो, कारण बिलं सुटी असतात आणि बँकेतली जमा बहुधा एकगठ्ठा.

बहुधा म्हणायचं कारण असं की, स्कॅनर दोन तऱ्हेचे असतात. काहींत ग्राहकाचे पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात पडतात. तिथे स्टेटमेंटमध्ये प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ दिसते आणि तिच्यासोबत बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. दुसऱ्या तऱ्हेत कंपनी दिवसभराचे पैसे स्वतःकडे गोळा करते आणि एकदा किंवा ठरलेल्या वेळांना एकत्र पाठवते. आपला स्कॅनर कोणत्या तऱ्हेचा आहे आणि त्याचा दिवस किती वाजता संपतो, हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून घ्यावेत. दुकान रात्री दहाला बंद होत असेल आणि मशीनची बॅच साडेनऊला बंद होत असेल, तर शेवटच्या अर्ध्या तासाची विक्री रोज पुढच्या दिवसात जाणार. तो दोष नाही, पण माहीत नसेल तर रोज फरक दिसेल.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, साताऱ्यातलं एक कापड दुकान आहे आणि शनिवार, गर्दीचा दिवस आहे. बिलांनुसार यूपीआयची विक्री 38,240 रुपये आणि कार्डाची 27,500 रुपये झाली. यूपीआयचे पैसे कंपनीकडून दुसऱ्या दिवशी सकाळी एकत्र येतात.

रविवारी सकाळी बँकेत यूपीआयचे 35,600 रुपये जमा झालेले दिसतात. फरक 2,640 रुपयांचा. हा आकडा घेऊन बिलं चाळत बसलात तर काहीच हाती लागणार नाही, कारण 2,640चं बिलच नाही. मधला रिपोर्ट उघडला की फरकाचे दोन तुकडे होतात. रिपोर्टमध्ये यशस्वी व्यवहार 36,890 रुपयांचे आहेत. त्याच दिवशी साडी परत केलेल्या एका ग्राहकाला ॲपमधूनच 1,290 रुपये परत दिले होते. कंपनीने ते वळते करून 35,600 पाठवले आणि रिपोर्टमधला यूटीआर बँकेतल्या ओळीशी जुळतो. म्हणजे रिपोर्ट आणि बँक यांचा मेळ बसला.

उरले बिलं आणि रिपोर्ट यांच्यातले 1,350 रुपये. आता एकेक बिल रिपोर्टमधल्या रकमेसमोर आणि वेळेसमोर ठेवायचं. दोन बिलांना जोडी सापडत नाही, एक 500चं आणि एक 850चं. गल्ला पाहिला तर त्या रात्री रोख 500 रुपये जास्त निघाले होते. म्हणजे ग्राहकाने नोट दिली आणि काउंटरवर चुकून यूपीआयचं बटण दाबलं गेलं. हा फरक रोज गल्ला मोजणाऱ्यालाच सापडतो. दोन दिवसांनी ते 500 रुपये किरकोळ खर्चात विरून जातात. 850 रुपये मात्र रिपोर्टमध्ये अयशस्वी म्हणून दिसतात. ग्राहकाच्या फोनवर चक्र फिरत राहिलं, गर्दी होती, त्याने ‘खात्यातून कापलेत बघा’ म्हणून बँकेचा मेसेज दाखवला आणि पिशवी घेऊन तो गेला. यात तो खोटं बोलला असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या नियमानुसार, ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर ते पाच दिवसांच्या आत आपोआप त्याच्या खात्यात परत जायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई त्यालाच मिळते. म्हणजे ते 850 रुपये दुकानात येण्याची वाट पाहण्यात बहुधा अर्थ नाही. ते ग्राहकाकडून येणं आहे आणि रविवारीच फोन केला तर तो ओळखीने देईल. पंधरा दिवसांनी केलेल्या फोनवर वाद होईल.

रिपोर्टमध्ये ज्याची नोंदच नाही, असंही बिल कधी निघतं. ते यशस्वी नाही आणि अयशस्वीही नाही. तिथे मात्र सावध व्हावं. कुणी बनावट ॲपवर यशस्वी झाल्याची खूण दाखवून गेलेलं असू शकतं. अशा वेळी साउंडबॉक्स बोललेला नसतो. दुसरी शक्यता जास्त घातक असते. बाहेर लावलेल्या स्कॅनरवर कुणीतरी आपला स्टिकर चिकटवलेला असतो. मग ग्राहकाचा व्यवहार खरा असतो, त्याच्या फोनवर बारा आकडी क्रमांकही असतो, फक्त पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं असतं. एकाच काउंटरवरची लागोपाठची बिलं रिपोर्टमधून गायब दिसली तर आधी स्कॅनर काढून मागचापुढचा कागद तपासावा आणि एखाद्या ओळखीच्या ग्राहकाला त्याच्या फोनवर पैसे कुणाच्या नावाने गेले ते पाहायला सांगावं. रोज मेळ घालणाऱ्याचं यात एका दिवसाच्या विक्रीपुरतं नुकसान होतं.

कार्डाचा हिशेब वेगळ्या चालीने जातो. तिथे पैसे कापून येतात आणि सुट्टी मध्ये आली तर अनेक बँकांकडून पुढच्या कामाच्या दिवशी येतात. आपल्या दुकानात शनिवारी कार्डाची पाच बिलं होती. त्यांतलं 4,500 रुपयांचं शेवटचं बिल बॅच बंद झाल्यावर झालं, म्हणून मशीनच्या सेटलमेंट पावतीवर चारच व्यवहार आणि 23,000 रुपये दिसतात. हे 4,500 रविवारच्या बॅचमधून येतील. वहीत ते ‘कार्डाचं येणं’ म्हणून नोंदवून ठेवायचे आणि आले की त्यांच्यावर खूण करायची.

सोमवारी खात्यात 22,625 रुपये 11 पैसे आले. हा आकडा बरोबर आहे का, हे पावतीवरून सांगता येत नाही, दरावरून सांगता येतं. चारांपैकी दोन व्यवहार डेबिट कार्डाचे, एकूण 10,700 रुपयांचे. वर्षाला वीस लाखांहून जास्त उलाढाल असलेल्या दुकानाकडून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त 0.90 टक्के शुल्क घेता येतं. लहान दुकानांसाठी ही मर्यादा 0.40 टक्के आहे. आपलं दुकान मोठ्या गटातलं धरू. शुल्क झालं 96 रुपये 30 पैसे. उरलेले 12,300 रुपये क्रेडिट कार्डावरचे. तिथे दर करारावर ठरतो. या करारात तो 1.8 टक्के आहे असं समजू, म्हणजे 221 रुपये 40 पैसे. शुल्क एकूण 317 रुपये 70 पैसे, त्यावर 18 टक्के जीएसटी 57 रुपये 19 पैसे. 23,000मधून हे दोन्ही वजा केले की उरतात बरोबर 22,625 रुपये 11 पैसे.

असा पैशापर्यंतचा हिशेब रोज करायची गरज नाही. कपात बॅचच्या रकमेच्या किती टक्के आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं. इथे ती साधारण 1.63 टक्के आहे. क्रेडिट कार्डं जास्त चालली की ती वाढेल, डेबिट जास्त चालली की उतरेल. पण एखाद्या दिवशी ती अचानक अडीच टक्के दिसली तर दर बदलला आहे, मशीनचं भाडं कापलं आहे किंवा जुन्या एखाद्या व्यवहाराची रक्कम परत घेतली आहे. यूपीआयचंही तसंच आहे. बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआय व्यवहारावर आणि रूपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020पासून दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. तरी यूपीआयच्या जमेत कपात दिसली तर साउंडबॉक्सचं भाडं आहे का ते पाहावं, किंवा ग्राहकाने यूपीआयला जोडलेल्या रूपे क्रेडिट कार्डावरून मोठी रक्कम दिली आहे का, ते तपासावं.

वहीत लिहिताना सगळ्यांत जास्त नडणारी सवय म्हणजे बँकेत आलेल्या रकमेलाच विक्री धरणं. शनिवारची कार्डाची विक्री 27,500च लिहायची. बँकेत आलेले 22,625, शुल्काचे 318, जीएसटीचे 57 आणि वाटेवरचे 4,500, या चार जागी ती विभागली जाते. विक्री कमी दाखवली तर जीएसटीचं विवरण चुकतं आणि शुल्कावर भरलेल्या जीएसटीची वजावटही हातची जाते. ती वजावट नियमित करदात्यांना मिळते, कंपोझिशन योजनेतल्यांना नाही. त्यासाठी मशीन देणाऱ्या बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदवलेला असावा आणि महिन्याचं शुल्काचं बिल मागून घ्यावं.

जुन्या व्यवहाराची रक्कम परत घेतली जाते ती बहुधा ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार केल्यावर, तीही कधीकधी विक्रीनंतर काही महिन्यांनी. बँक दुकानदाराकडे पुरावा मागते आणि मुदत थोड्या दिवसांची असते. पुरावा नसेल तर ती रक्कम पुढच्या एखाद्या सेटलमेंटमधून कापली जाते. स्वाइप मशीनची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि तोपर्यंत तिच्यावरची अक्षरं पुसट झालेली असतात. म्हणून मोठ्या रकमेच्या कार्ड पावतीचा त्याच रात्री फोटो काढा आणि तो बिलाच्या क्रमांकाने जपून ठेवा.