चाळीसच्या बोअरला बत्तीस बाजू

दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांत उसाचा चरक चालतो आणि चरकाच्या रुळाचा शाफ्ट ज्या गनमेटलच्या बुशमध्ये फिरतो, तो झिजला की नवा करावा लागतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात असे काम करणारी मशीन शॉप्स आहेत. बुशचे मॉडेल संगणकावर उभे केले, आता ते पाठवायचे कोणत्या फाइलमधून? बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘एसटीएल पाठवा, सगळीकडे उघडते.’ कोणी ओबीजे मागतो. दोन्ही फाइली पडद्यावर सारख्याच दिसतात, म्हणून वस्तूही सारखीच पोहोचली असे वाटते. प्रत्यक्षात या दोन्ही फाइलींत बुश पोहोचत नाही, बुशची कातडी पोहोचते. कातडीतून काय गळाले, हे निर्यात करतानाच कळायला हवे, कारण नंतर ते परत मिळवता येत नाही.

एक साधा बुश घेऊ: बाहेरचा व्यास 60, बोअर 40, लांबी 50 मिलिमीटर. सॉलिड मॉडेलमध्ये त्याला फक्त चार पृष्ठे आहेत, दोन दंडगोल आणि दोन सपाट कडी. आतला दंडगोल म्हणजे एक अक्ष आणि 20 ही त्रिज्या. तिथे गोलाई अंदाजाने दाखवलेली नसते, ती सूत्र म्हणून नोंदलेली असते. एसटीएलला सूत्र ठाऊकच नाही. 1987 मध्ये थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या स्टिरिओलिथोग्राफी यंत्रासाठी हा प्रकार तयार झाला आणि त्यात त्रिकोणांपलीकडे काही ठेवण्याची सोय केलेली नाही. बायनरी फाइलमध्ये सुरुवातीला 80 बाइटचे शीर्ष, मग त्रिकोणांची संख्या आणि त्यानंतर प्रत्येक त्रिकोणासाठी 50 बाइट: तीन टोके, बाहेरची दिशा सांगणारी एक रेषा आणि दोन सुटे बाइट. मिलिमीटर की इंच, हेसुद्धा तिथे लिहिलेले नसते.

गोल बोअर त्रिकोणांत बसवायचा तर वर्तुळाच्या जागी बहुभुज काढावा लागतो. किती बाजूंचा, हे निर्यातीच्या खिडकीतली ‘विचलना’ची मर्यादा ठरवते, म्हणजे खरी कमान आणि सरळ जीवा यांच्यात जास्तीत जास्त किती अंतर चालेल. ही मर्यादा 0.1 मिलिमीटर ठेवली, तर 20 त्रिज्येच्या बोअरला 32 बाजू पडतात. टोके खऱ्या वर्तुळावर असतात, पण बाजूंचे मध्य आत सरकतात, प्रत्येकी सुमारे 0.096 मिलिमीटर. समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर त्यामुळे 40 ऐवजी 39.81 भरते. ‘40 एच7’ या फिटिंगमध्ये बोअरला 40.000 ते 40.025 एवढीच मुभा असते. म्हणजे पूर्ण मुभेच्या जवळजवळ आठपट चूक फाइल लिहितानाच झाली, तीही शाफ्ट अडकेल त्या बाजूला. या आकाराप्रमाणे हुबेहूब बोअर झाला तर गो गेज आत जाणारच नाही.

ही चूक घनफळावरून शोधू गेलात तर फसाल. खऱ्या बुशचे घनफळ सुमारे 78,540 घन मिलिमीटर, जाळीचे सुमारे 78,330. फरक पाव टक्क्याच्या आसपास, कारण बोअर लहान झाल्याने धातू वाढतो आणि बाहेरचा घेर लहान झाल्याने कमी होतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. म्हणून जिथे दुसरा भाग बसणार आहे, ते माप वेगळे तपासावे.

यावर सरळ आक्षेप असा, की मर्यादा बारीक केली की झाले. 0.01 ठेवा. तेव्हा बोअरला 100 बाजू पडतात आणि व्यासातली घट 0.02 वर येते. अचूकता दहापट सुधारली, पण बाजू तिपटीनेच वाढल्या, कारण चूक बाजूंच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हा व्यवहार स्वस्त आहे, तो जरूर करावा. फ्रीकॅडमध्ये तो असा लिहितात:

```python
import FreeCAD, MeshPart
s = FreeCAD.ActiveDocument.getObject("Bush").Shape
m = MeshPart.meshFromShape(Shape=s, LinearDeflection=0.01,
                           AngularDeflection=0.1, Relative=False)
print(m.CountFacets, m.isSolid(), m.Volume)
m.write("bush.stl")
```

कोनाची मर्यादाही इथे लागू असते आणि जी अधिक कडक असेल ती चालते. पण बारीक जाळीने फक्त माप सुधारते. ‘हा दंडगोल आहे, याचा अक्ष इथे आहे, त्रिज्या 20 आहे’ हे वाक्य 32 बाजूंत नाही आणि 3,200 बाजूंतही नाही. लेथवर किंवा मिलिंग मशीनवर काम करणाऱ्याला नेमके तेच वाक्य हवे असते: बोअरचा मध्य कुठे धरायचा, रीमर कोणता. जाळी उलटी सॉलिड करून पाहा. 0.1 मर्यादेच्या जाळीत 284 त्रिकोण होतात. सॉलिड केल्यावर 284 सपाट पृष्ठे, एका पातळीतली जोडून घेतली तरी 73: दोन कडी, आतल्या 32 पट्ट्या आणि बाहेरच्या 39. मूळची चार पृष्ठे आपोआप परत येत नाहीत. बोअर 40 वरून 42 करायचा असेल तर बदलायला एक आकडा उरलेला नसतो.

मग ओबीजे बरे का? काही बाबतींत नक्कीच. वेव्हफ्रंट कंपनीने चलच्चित्रांच्या कामासाठी काढलेला हा प्रकार टोकांची यादी एकदा लिहितो (`v`) आणि पृष्ठांत (`f`) फक्त क्रमांक देतो. आपल्या बुशच्या जाळीत 142 टोके आहेत. ओबीजे ती 142 वेळाच लिहितो, एसटीएल 852 वेळा, म्हणजे प्रत्येक टोक सरासरी सहादा. कोणता त्रिकोण कोणाला चिकटला आहे, हे एसटीएल सांगत नाही. उघडणाऱ्या प्रोग्रामने आकडे जुळवून ते शोधायचे. फाटलेल्या शिवणी बहुतेकदा तिथेच निघतात. भागांची नावे आणि रंगांचा हवालाही ओबीजेत राहतो, रंग मात्र वेगळ्या `.mtl` फाइलीत असतात. ती जोडायला विसरलात तर राखाडी बुश पोहोचतो.

ओबीजेत बोअर गुळगुळीत दिसतो, मग गोलाई टिकलीच ना, असेही विचारले जाते. तो गुळगुळीतपणा प्रकाशाचा आहे. `vn` या ओळी प्रत्येक टोकाशी प्रकाश कसा पडावा ते सांगतात, पृष्ठ तिथल्या तिथे सपाटच राहते. मॉडेल फिरवून बोअरच्या तोंडाची कडा पाहा, कोपरे मोजता येतात. ओबीजेच्या मूळ रचनेत वक्र पृष्ठे लिहिण्याची सोय आहे हे खरे, पण बहुतेक प्रोग्राम ती लिहीत नाहीत आणि वाचतही नाहीत, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. एककही ओबीजेत ठरलेले नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ओतकामासाठी बुशचा पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर काढायचा असेल आणि बोअर नंतर लेथवर काढायचा असेल, तर 0.1 ची जाळी पुरते. 0.4 मिलिमीटरच्या नोझलची आणि आकसणाऱ्या प्लास्टिकची स्वतःची चूक त्याहून मोठी असते आणि मशीनिंगसाठी धातू ठेवलेलाच असतो. म्हणून पॅटर्नवाल्याला एसटीएल द्यावी, मशीन शॉपला स्टेप. स्टेपमध्ये दंडगोल दंडगोलच राहतो आणि एककही लिहिलेले असते. मात्र एच7 ची मुभा नेहमीच्या स्टेप निर्यातीत सहसा जात नाही, म्हणून सोबत मापांचे ड्रॉइंग लागतेच.

एसटीएल मिळालेल्याने फाइल उघडताच आधी लांबी पाहावी. 50 दिसायला हवी. 1270 दिसली, तर प्रोग्रामने मिलिमीटरचे आकडे इंच समजून 25.4 ने गुणले आहेत. 0.05 दिसली तर फाइल मीटरमध्ये लिहिली गेली आहे. लांबी जुळली की बोअरच्या समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर मोजावे, टोकांमधले नव्हे. टोकांमध्ये ते नेहमी 40च दाखवेल.