ग्रामीण छायाचित्रातील प्रदेशखुणा : ऊस, गुऱ्हाळ व शेततळे

महाराष्ट्रातील ग्रामीण छायाचित्राचा प्रदेश ओळखताना केवळ उसाचा फड पुरेसा ठरत नाही. कारण ऊस कोल्हापूरप्रमाणेच अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यातही होतो. धुराडे, वाळत घातलेली चिपाडे आणि रस आटवण्याची रुंद काहील ही गुऱ्हाळाची लक्षणे होत. गुऱ्हाळे अन्यत्रही आहेत. तथापि गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापूर परिसराची शक्यता त्यांमुळे वाढते. गुऱ्हाळ हंगामी असल्याने पावसाळ्यातील छायाचित्रात धूर नसणे हा विरुद्ध पुरावा नव्हे. याउलट, प्लॅस्टिकचे अस्तर असलेले चौकोनी शेततळे बहुधा पाणीटंचाईचा भाग सुचवते. उदाहरणार्थ, ऊस, असे शेततळे व डाळिंबाची बाग एकत्र दिसल्यास कोल्हापूरपेक्षा सोलापूर अधिक संभवते. निश्चितीसाठी मात्र गावाचा फलक किंवा तत्सम पुरावा आवश्यक असतो.