डहाणूचा पहारेकरी कोणाच्या हाताखाली?

वाढवणच्या समुद्रात भराव पडणार, ७६ हजार कोटींचं बंदर उभं राहणार, मच्छीमार सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत, हे पालघर-बोईसरमध्ये आज शाळकरी पोरही सांगेल. बंदर हवं की नको यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्याच्या अलीकडचा एक प्रश्न छळतो. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणला बंदर होऊच शकत नाही असा निकाल दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. हे प्राधिकरण जन्माला कसं आलं आणि त्याच्या नाड्या कोणाच्या हातात राहिल्या, हे पाहिलं की कायदे करणारे, राज्य करणारे आणि न्याय करणारे वेगळे का ठेवतात आणि ही व्यवस्था कुठे उसवते, ते आपल्याच जिल्ह्यात दिसतं.

सुरुवात डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रापासून करावी लागते. चिकूच्या बागा आणि खाडी यांच्या शेजारी कोळशावरचं ५०० मेगावॉटचं केंद्र येणार म्हणून डहाणूकर कोर्टात गेले. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निराश केलं. प्रकल्प कुठे उभारायचा हे ठरवणं मुख्यतः सरकारचं काम. सरकारने सगळ्या संबंधित बाबी विचारात घेतल्या की नाही, एवढंच आम्ही पाहणार, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पण जाता जाता एक खुंटी ठोकून ठेवली. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारं यंत्र, म्हणजे एफजीडी, बसवण्याची अट मंजुरीत होती आणि कंपनीला ती नको होती. परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय ही अट सैल करू नका, असं न्यायालयाने बजावलं.

तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणूसाठी अधिसूचना काढली. संसदेने १९८६ मध्ये केलेल्या पर्यावरण संरक्षण कायद्याने तो अधिकार मंत्रालयाला दिला होता. तालुक्यात उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर जागा आणि तालुक्याच्या हद्दीबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त. नकाशा काढून पाहा: तारापूरची एमआयडीसी याच पट्ट्यात येते. ती अधिसूचनेच्या आधीपासून तिथे होती.

अधिसूचना निघाली, पण ती राबवणार कोण? ज्यांनी काढली त्यांनाच ती पाळण्याची घाई नव्हती. म्हणून ‘सँक्च्युअरी’चे संपादक बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला: याच कायद्याच्या कलम ३(३) खाली केंद्राने डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावं आणि त्याचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश असावा. डिसेंबरमध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची बावीस वर्षं या माणसाची आहेत. दादा धर्माधिकारींचा मुलगा, गांधीविचारात वाढलेला. जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते अध्यक्ष राहिले. त्यांच्या प्राधिकरणापुढे आदिवासी, बागायतदार, कोळी स्वतः उभं राहून म्हणणं मांडत. १२ मे १९९९ रोजी त्यांनी वीज कंपनीला एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने तांत्रिक अडचणी सांगितल्या, खर्च सांगितला, उच्च न्यायालय गाठलं. वर्षं सरली, मालकी बदलली, यंत्र काही बसेना. मग २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली. नुसत्या आदेशाला वकील लावून वेळ काढता येतो. पैसा अडकायची वेळ आली की हिशेब बदलतो. २००७ मध्ये यंत्र चालू झालं. यात धूर समुद्राच्या पाण्यातून नेतात, पाणी मुळात अल्कधर्मी असल्यामुळे वायू त्यात मुरतो. कोर्टाने १९९१ मध्ये ठोकलेल्या खुंटीला वजन लागायला सोळा वर्षं गेली, पण लागलं.

आता उसवलेली शिवण. प्राधिकरणाला दात ज्या कायद्याने दिले, त्यानेच त्याच्या गळ्यात दोरीही बांधली होती. कलम ३(३) मध्येच लिहिलं आहे की असं प्राधिकरण केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आणि नियंत्रणाखाली काम करील. म्हणजे सरकारवर नजर ठेवायची आणि नेमणूक, खर्च, मुदत या सगळ्यासाठी सरकारकडेच बघायचं. २००२ मध्ये मंत्रालयाने प्राधिकरण बरखास्त करू द्या, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. ते वाचलं, कारण त्याचा जन्म न्यायालयाच्या आदेशातून झाला होता आणि त्याला हात लावायचा तर न्यायालयाकडे जाणं भाग होतं. धर्माधिकारींनंतर मात्र खुर्ची काही काळ रिकामी पडली. खुर्ची रिकामी ठेवायला कुठल्याच न्यायालयाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर वाटते. १९९८ चा नकार बंदर हा उद्योग आहे आणि तो १९९१ च्या अधिसूचनेखाली डहाणूत बसणारच नाही या पायावर उभा होता. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि मंत्रालयाने बंदरांना उद्योगांच्या यादीतूनच बाहेर काढलं. कायद्याखालचे नियम संसदेपुढे ३० दिवस ठेवावे लागतात, खासदारांना ते बदलता किंवा रद्द करता येतात. मंत्रालयाच्या कार्यालयीन पत्रकाला असं काही बंधन नाही. ‘उद्योग’ म्हणजे काय याची व्याख्या बदलली आणि संसदेत त्यावर हात वर करण्याची वेळच आली नाही.

१८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. प्राधिकरणाने तज्ज्ञांचे अहवाल पाहून निर्णय घेतला आहे, तेव्हा आम्ही मध्ये पडणार नाही, हा सूर १९९१ चाच होता. याबद्दल मी न्यायाधीशांना दोष देणार नाही. बंदर कुठे बांधायचं हे कोर्ट ठरवू लागलं तर त्याला निवडणुकीत जाब कोण विचारणार? पण कोर्ट असं मागे सरकतं ते एका भरवशावर: मधल्या संस्थेने मोकळेपणाने, कोणाच्या दडपणाशिवाय विचार केला असेल. ती संस्था ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच नियंत्रणाखाली असेल, तर कोर्टाचा संयम आणि सरकारची सोय यांत फरक उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. २०२३ चा निर्णय बरोबर की चूक, ते सर्वोच्च न्यायालय पाहील. पण प्राधिकरणाच्या अध्यक्षाचं नाव मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी सुचवावं, पद रिकामं झाल्यापासून ठरावीक मुदतीत भरावं आणि डहाणूच्या अधिसूचनेचा अर्थ बदलणारं प्रत्येक पत्रक संसदेपुढे ठेवावं, एवढे बदल कलम ३(३) मध्ये करायला एक छोटं विधेयक पुरे आहे. खासगी विधेयक मंत्री नसलेल्या कोणत्याही खासदाराला मांडता येतं. पालघरच्या खासदारांनी ते मांडावं आणि बंदराच्या बाजूचे असोत की विरोधातले, मतदारांनी त्यांच्याकडे ते मागावं.