एकाच दिवशी बारा लाख की दरमहा एक लाख?

सोलापूरच्या एका शिक्षिकेला निवृत्तीनंतर 12 लाख रुपये मिळाले, असे समजा. सगळे पैसे आजच एफडीत टाकावेत, की दरमहा एक लाखाचे वर्षभराचे रिकरिंग काढावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. दोन्हीचा व्याजदर 7 टक्के, व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने. दर एकच, रक्कम एकच आणि मुदतही एकच, म्हणजे वर्षअखेर हातात सारखेच पैसे येणार, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण तसे होत नाही. एफडीचे वर्षाअखेर 12,86,231 रुपये होतात, रिकरिंगचे 12,46,213. एकीकडे व्याज 86 हजारांवर जाते, तर दुसरीकडे ते 46 हजारांच्या आसपास थांबते. फरक 40 हजारांचा पडतो. रिकरिंगची पावती हातात घेऊन अनेक जण व्याजाला 12 लाखांनी भागतात, उत्तर 3.85 टक्के येते, आणि बँकेने सात सांगून चारही दिले नाहीत अशी त्यांची समजूत होते.

बँकेने दर पुरा दिलेला असतो. कमी पडलेला असतो तो वेळ. रिकरिंगचा पहिला हप्ता बँकेत बारा महिने राहतो, दुसरा अकरा, आणि शेवटचा जेमतेम एक. 12, 11, 10 असे एकापर्यंत मिळवत गेले की बेरीज 78 येते. म्हणजे एक लाख रुपयांनी एकूण 78 महिने काम केले. एफडीत मात्र बाराही लाख बारा महिने राबले, म्हणजे 144 महिने. 78 हे 144 च्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि व्याजही नेमके तेवढेच, निम्म्याहून थोडे जास्त मिळाले. पावती तपासायची असेल तर हीच रीत पुरते: एक लाखावर 7 टक्क्यांनी महिन्याचे साधे व्याज सुमारे 583 रुपये होते, त्याला 78 ने गुणले की 45,500 येतात. चक्रवाढीमुळे प्रत्यक्ष आकडा याहून जरा जास्त असतो. तो याच्या बराच खाली असेल, तर मात्र बँकेत जाऊन विचारावे.

अर्थात 40 हजारांचा फरकही पुरता खरा नाही. बाईंचे उरलेले पैसे वर्षभर कपाटात पडून नसतात, बहुधा बचत खात्यात असतात. तिथे अडीच टक्के व्याज धरले, तर आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या हप्त्यांवर 13,750 रुपये सुटतात आणि फरक 26 हजारांवर येतो. कोणतीही तुलना करताना थांबलेल्या पैशाचे हे व्याज धरायलाच हवे. ते सोडले की हप्त्यांची बाजू आहे त्याहून वाईट दिसते.

पगारातून दरमहा रिकरिंग भरणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. त्याच्या हातात एकरकमी 12 लाख नसतातच, त्यामुळे त्याने काही गमावलेले नसते. प्रश्न फक्त पूर्ण रक्कम हातात असलेल्यांचा आहे.

मग हप्त्यांचा सल्ला इतका सर्रास का दिला जातो? तो शेअर बाजारातून आला आहे, आणि तिथे परतावा ठरलेला नसतो. 2020 च्या सुरुवातीला सेन्सेक्स 41,300 च्या आसपास होता, मार्चमध्ये तो 26 हजारांच्या खाली आला आणि वर्षअखेर 47,700 च्या वर गेला. त्या वर्षी दरमहा थोडे थोडे गुंतवणाऱ्याला स्वस्तात खरेदी करता आली आणि जानेवारीत सगळे एकदम टाकणाऱ्यापेक्षा त्याला टक्केवारीने जास्त मिळाले. बाजार वर्षभर चढतच राहिला असता, तर उलट घडले असते. हप्ते पडझडीची धार कमी करतात, त्यासाठी पैसे काही काळ बाहेर ठेवावे लागतात. ठरलेल्या दराच्या ठेवीत बाजारासारखी पडझडच नसते, त्यामुळे पैसे बाहेर ठेवल्याची किंमत तेवढी मोजावी लागते आणि बदल्यात काही मिळत नाही.

सगळे पैसे एकदम अडकतील, आजारपणात एफडी मोडावी लागेल, ही भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी वर्षभर थांबण्याची गरज नाही. बाईंनी त्याच दिवशी एक-एक लाखाच्या बारा वेगवेगळ्या एफडी कराव्यात. गरज पडली तर एकच मोडावी, दंडही फक्त तिच्यावर बसेल आणि बाकी अकरा पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज मिळवत राहतील.