नाडीशोधनाच्या पाच ओळी

नाडीशोधन म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास घेणे व सोडणे. कृती सोपी असली तरी नवशिक्या विद्यार्थ्याचा मध्येच गोंधळ होतो. आता कोणती नाकपुडी, हे त्यास आठवत नाही. हठयोगप्रदीपिकेत ही कृती श्लोकांतच सांगितली आहे. परंतु ते श्लोक संस्कृतात असून त्यांत श्वास रोखून धरण्याचाही भाग आहे. प्रारंभिक वर्गासाठी तो वगळून आम्ही लहान अभंगाच्या आठ-आठ अक्षरी चालीवर पाच ओळी बांधल्या:

मांडी घालू, ताठ पाठ । खांद्यांतली सोडू गाठ ॥
अंगठा मिटी उजवी । श्वास आत घेई डावी ॥
अनामिका मिटी डावी । श्वास सोडी ती उजवी ॥
जिने दिला, तिने घ्यावा । घेतला की पालटावा ॥
डावीतून निघे श्वास । एक फेरी झाली खास ॥

हात उजवाच वापरावा. पहिल्या तीन ओळी व शेवटची ओळ कृती सांगतात. चौथी ओळ नियम सांगते. विद्यार्थी चुकतो तो नेमका या नियमाशी. उजवीने श्वास सोडून झाला की सवयीने तो पुन्हा डावीने घेतो. अशा वेळी त्याने स्वतःस एवढेच विचारावे: आत्ता श्वास घेतला की सोडला? सोडला असेल तर बोटे तशीच ठेवून त्याच उजवीने घ्यावा. घेतला असेल तर बोटे पालटून डावीने सोडावा. फेरी डावीने सुरू होते व डावीनेच संपते. शेवटचा श्वास उजवीने निघाला, तर मध्ये कोठेतरी चूक झाली असे समजावे.

या ओळी श्वसन करताना ओठांनी म्हणू नयेत, कारण बोलण्यातच श्वास खर्च होतो. आधी टाळीवर पाठ कराव्यात. मग अर्ध्या वर्गाने म्हणाव्यात, अर्ध्याने कृती करावी. त्यानंतर ओळी मनातच राहाव्यात आणि चार अंक मोजत श्वास घ्यावा, चार अंक मोजत सोडावा. आरंभी पाच फेऱ्या पुरेत. श्वासाचा आवाज शेजाऱ्यास ऐकू येऊ लागला अथवा तोंड उघडू लागले, तर अंक तीनवर आणावेत. चक्कर आल्यास हात खाली घेऊन नेहमीसारखा श्वास घ्यावा.

एक नाकपुडी थोडी बंद वाटली म्हणून विद्यार्थ्याने घाबरू नये. निरोगी माणसाच्या नाकपुड्याही दिवसभरात आलटून पालटून कमी-अधिक मोकळ्या होतात. सर्दीने नाक चोंदलेले असेल, तर मात्र त्या दिवशी हा अभ्यास करू नये.

हे आनापानसती नव्हे, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे. आनापानसतीत नैसर्गिक श्वास जसा येतो-जातो तसा केवळ जाणायचा असतो. तेथे बोटे नाहीत, अंकांची सक्ती नाही. पाच फेऱ्या संपल्यावर हात मांडीवर ठेवावेत आणि या ओळीही तेथेच सोडून द्याव्यात.