रोजचं राशिभविष्य: काय सांगतं, काय नाही

मोबाइलवरच्या मोफत राशिभविष्याचा पाया बहुधा चंद्राचं भ्रमण हा असतो. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो. समजा, आज तो मेषेत आहे. कन्या राशीपासून मोजलं तर मेष आठवी येते आणि परंपरेनं आठवा चंद्र प्रतिकूल मानला जातो. म्हणून कन्येच्या रकान्यात ‘खर्च जपून करा, वाद टाळा’ असा मजकूर येतो. तो कन्या राशीच्या सगळ्यांना सारखाच लागू होतो. त्यात तुमची जन्मवेळ नसते, आणि दर दोन तासांनी बदलणारं लग्नही नसतं.

आधी रास तपासा. ५ एप्रिलला जन्मलेल्याला पाश्चात्त्य पद्धत मेष म्हणते, कारण ती सूर्य पाहते. आपल्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्य मीन राशीत असतो आणि जन्मरास तर चंद्रावरून ठरते, ती बारापैकी कोणतीही असू शकते. अ‍ॅपनं फक्त जन्मतारीख विचारून रास सांगितली, तर ती बहुधा सूर्यरास असते.

ग्रहस्थितीचं गणित अचूक असतं. त्यावरून काढलेल्या फलिताला मात्र वैज्ञानिक पुरावा नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिवर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. तो सर्वांना सारखाच आहे, हे न कळता त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम वाक्य प्रत्येकाला आपलंच वाटतं.

त्यामुळे हे भविष्य वाचायला हरकत नाही. पण औषधोपचार, कर्ज किंवा लग्नाचा निर्णय त्यावर सोपवू नका.